पांढऱ्यातला गुलाबी

परीजान चहात साखर घालत नसे. खडा दातांत धरून वरून चहा ओढायची. बोलताना सुईचं टोक केसांत खोचून ठेवायची आणि मग सुई शोधत बसायची. गालिच्यावर पाय ठेवण्याआधी त्याची कड दोन बोटांत धरून चुरगाळायची, जसं बाजारात कोथिंबिरीची जुडी धरतात तशी. नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता आधी त्याच्या हातांकडे बघायची. कोणी तिला उस्ताद म्हटलं की मागे वळून पाहायची, तिथे दुसरं कोणी उभं आहे का म्हणून. आणि कुठलाही गालिचा समोर उलगडला की शेजारी असेल त्याला विचारायची, "हा रंग कोणता? बोल बरं."

शिराजच्या बाजारातल्या गालिचेवाल्यांना ही शेवटची सवय सगळ्यांत जास्त आवडायची. म्हातारी परीक्षा घेते, म्हणायचे.

तहमिनेलाही तसंच वाटायचं. साहित्याची पदवी घेऊन ती दोन वर्षांपूर्वी कियूमर्सच्या दुकानात लागली होती. काम सोपं होतं. गालिच्यांना अडकवायच्या चिठ्ठ्यांवर सुबक अक्षरात माहिती लिहायची. माहिती वरच्या माळ्यावरून यायची. तिथे परीजान लोकरीच्या गुंडाळ्यांमध्ये बसून फाटके गालिचे रफू करायची आणि आलेला माल ओळखायची. पहिल्याच दिवशी तहमिनेने एका चिठ्ठीवर 'पहाटेच्या रंगाचा' असं लिहिलं. परीजानने ती वाचून घेतली, म्हणजे दुसऱ्याकडून वाचून घेतली, आणि माळ्यावरून ओरडली, "ए शायरबाई, वर ये! पहाट कुठल्या मुळापासून उकळतात तेवढं सांग मला."

तहमिने वर गेली, ती रोजच जायला लागली. दुपारची भाकरी, दही आणि तुळशीसारखा वास येणारा पाला दोघी एकाच ताटात खायच्या. तहमिने तिला नने म्हणायची, घरातल्या आजीला म्हणतात तसं. परीजानला स्वतःची मुलं नव्हती. होती ती टोळी, तुर्की बोलणाऱ्या भटक्या कश्काईंतली कश्कुली, आणि ती केव्हाच तंबू सोडून विटांच्या घरांत शिरली होती.

गाठी परीजानने शिकवल्या. गालिचा आडवा दुमडायचा, म्हणजे लव फाकते आणि बूड दिसतं. तुर्की गाठ ताण्याच्या दोन दोऱ्यांना मिळून मिठी मारते आणि तिची दोन्ही टोकं त्यांच्या मधून एकत्र वर येतात. फारसी गाठ एकालाच मिठी मारते आणि दुसऱ्याच्या नुसती पाठीमागून जाते. टोकं वेगवेगळी निघतात.

"एक लग्नाचं नातं, एक शेजाऱ्याचं," परीजान म्हणाली.

"आणि टिकतं कुठलं?"

"नीट ठोकून बसवलं तर दोन्ही. शायरांना सगळ्यात लग्नच दिसतं."

नक्ष्यांची घराणी शिकवली. लोर टोळ्यांचे मोठे, आळशी चौकटे. खमसे टोळ्यांच्या गालिच्यांत ओळीने उभ्या राहिलेल्या कोंबड्या आणि गडद तपकिरी ताणा. कश्काईंच्या पट्टीत एकावर एक तीन शंकरपाळी, टोकांना खेकड्याच्या नांग्यांसारखे आकडे, ताणा पांढऱ्या लोकरीचा, बाणा बहुतेकदा लाल रंगवलेला, कडेला दोन रंगांची लोकर पीळ देऊन गुंडाळलेली. रंग मात्र तिने कधी शिकवले नाहीत. ती नुसती विचारायची. तहमिने उत्तर द्यायची. परीजान मान हलवायची आणि निकाल सांगायची.

माघातल्या थंडीनंतर चेनारदान गावाहून बोलावणं आलं. डोंगरातलं लहान गाव. तिथल्या इमामजाद्याच्या, म्हणजे इमामाच्या वंशजाच्या, कबरीपुढे पणजोबांच्या काळापासून एक गालिचा अंथरलेला होता. कश्काई सरदाराच्या बायकोने वाहिलेला. दर्ग्याचा राखणदार खोदादाद. किल्ल्या त्याच्याकडे, त्याच्या बापाकडे आणि त्याच्याही बापाकडे राहिलेल्या. त्या हिवाळ्यात खोदादादने गालिचा गाडीत टाकून शिराजला धुवायला नेला आणि परत आणून अंथरला. लोक नमाजाला आले आणि दारातच थबकले. त्यांचा गालिचा काळपट होता. हा उजळ होता.

गावाच्या पंचांतला शाहबाज उघड बोलला. आमचा गालिचा शहरात विकला आणि तसलाच दुसरा आणून टाकला, असं तो म्हणाला. खोदादादने शपथ घेतली. शपथेवर लोकांचं भागेना. शेवटी दोन्ही बाजूंनी एकच नाव कबूल केलं. शिराजची परीजान म्हणेल ते खरं. बदललेला निघाला तर किल्ल्या खाली ठेवायच्या आणि गाव सोडायचं, हे खोदादादने स्वतःच सांगून टाकलं.

परीजान तहमिनेला बरोबर घेऊन गेली. "चिठ्ठी लिहायचीय का?" तहमिनेने विचारलं. "नाही," परीजान म्हणाली, "सोबतीला चल."

दर्ग्याच्या अंगणात गालिचा उन्हात पसरला होता. भोवती सगळं गाव. खोदादाद दाराशी उभा, साठीचा, उंच, हातांचं काय करावं हे न सुचलेला. परीजानने आधी त्याचे हात पाहिले. मग गुडघ्यांवर बसली, कड चुरगाळली, गालिचा दुमडला, बोटं बुडाशी नेली.

"फारसी गाठ," ती म्हणाली.

शाहबाजने मांडीवर थाप मारली. "झालं! आमचा गालिचा तुर्की होता. सगळ्या गावाला माहीत आहे. तुर्की म्हणूनच म्हणायचो आम्ही त्याला."

"गालिचा वाहणारी बाई तुर्की बोलायची म्हणून तुर्की म्हणत होतात."

"मग गाठ तुर्की नको?"

"माझी आई तुर्कीत शिव्या द्यायची आणि फारसी गाठ मारायची. कश्कुलींत पुष्कळ बाया मारतात. तू फारसी बोलतोस ना, आगा शाहबाज? मग तुझ्या विजारीची नाडी तू कुठल्या भाषेत बांधतोस?"

बायका हसल्या. शाहबाजही नाइलाजाने हसला. खोदादादच्या खांद्यांतला ताठपणा थोडा उतरला. परीजान रांगत पुढे सरकली. नांग्यांचे आकडे तिने बोटाने गिरवले, कडेचा पीळ चाचपला. पांढरा ताणा, लाल बाणा, हे तिने तहमिनेकडून वदवून घेतलं. घराणं बरोबर होतं. नक्ष्याभोवतीच्या तपकिरी रेघा बाकीच्या लवेपेक्षा खोल गेल्या होत्या. लोखंडाच्या गंजात रंगवलेली तपकिरी लोकर वर्षानुवर्षं झिजून अशीच खोल जाते. पण कात्रीने छाटूनही ती खोल करता येते, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं.

राहिले रंग. गालिचा खरा असेल तर त्यातला लाल मंजिष्ठाच्या मुळांचा असायला हवा, कारण त्या काळी डोंगरात बाजारी रंगाची पूड पोचली नव्हती. आणि स्वस्त पुडीचा लाल पाणी लागलं की शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. मुळांचा लाल एकदा धरला की सोडत नाही.

"रुमाल ओला करून चोळून बघा ना," कोणीतरी सुचवलं.

"धुऊन आलेला आहे. सुटायचं ते धुलाईवाल्याच्या हौदात सुटलंय. रुमाल आता काय सांगणार?" परीजानने मान वर केली. "शायरबाई, लालाशेजारचा पांढरा कसा आहे? बोल बरं."

तहमिने वाकली. तिच्या पुढ्यात होता तेवढाच भाग तिने पाहिला. मधल्या शंकरपाळ्याचा लाल आणि त्याला लागून पांढरं फूल.

"गुलाबी झालाय, नने."

"नक्की?"

"नक्की. फिकट, पण गुलाबी."

परीजानने तळहात गालिच्यावर ठेवला. मग उठताना तिने तहमिनेच्या खांद्याचा आधार घेतला. असा आधार ती एरवी घेत नसे.

"लाल धावतोय," ती म्हणाली. "पुडीचा आहे. घराणं तेच आहे, पण हा तुमच्या पणजोबांचा गालिचा नाही."

खोदादाद पुढे आला, कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि गालिच्याच्या मधोमध ठेवल्या. जाताना त्याने चपला हातात घेतल्या होत्या, त्या अंगणाबाहेर जाईपर्यंत घालायला विसरला.

परतीच्या बसमध्ये परीजान खिडकीशी बसली. तहमिनेने संत्रं सोलून दिलं. तिने ते हातात धरून ठेवलं.

"तो गुलाबी," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सगळ्या पांढऱ्यांत होता?"

"सगळीकडे नाही बघितलं."

"लालाच्या दोन्ही बाजूंना?"

तहमिने आठवायला लागली. "एकाच बाजूला. आणि त्याच्या पलीकडे पिवळा पक्षी होता ना, तोही जरा गुलाबीच वाटत होता."

"त्या पक्ष्याला लाल लागून आहे?"

"नाही. मध्ये निळा आहे."

"निळा ओलांडून लाल पक्ष्यावर कसा बसला?" परीजानने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "लव फाकून बुडाशी बघितलंस? उलटून मागून बघितलंस?"

"तुम्ही तर नेहमी फाकून बघता. मला वाटलं, तुम्ही..."

"मी लव फाकली असती तर रंग बघावा लागला असता."

तहमिनेला वाक्य कळायला वेळ लागला. मग माळ्यावरच्या दोन वर्षांतल्या दुपारी तिच्यापुढून सरकून गेल्या. हा रंग कोणता, बोल बरं. परीक्षा कधीच नव्हती. म्हातारी खरोखर विचारत होती.

"कधीपासून, नने?"

"निळ्याचं आणि काळ्याचं लग्न लागलं त्याला तीन हिवाळे झाले. पांढरा आणि फिक्का पिवळा आधीच पळून गेले होते." तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली. "मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतो, दहा मिनिटांचं काम. नवरोजनंतर करीन म्हणते. पाच नवरोज म्हणतेय."

"कियूमर्सना माहीत आहे?"

"ज्याला माल ओळखून हवा असतो, त्याला आंधळी लागत नाही. बोटं आहेत म्हणून निभावलं. आणि तू होतीस." ती थांबली. "तुझं चुकलं नाही. तुला जे विचारलं ते तू सांगितलंस. मी अर्धंच विचारलं."

शिराजला उतरल्यावर तहमिने घराच्या दिशेने वळली. परीजान स्थानकातच बाकावर बसली. सकाळची पहिली बस कितीला आहे, तेवढं तिने विचारून घ्यायला सांगितलं.

"दोन दिवस थांबा, नने. फोन करू."

"फोनवरून सांगू, की तुमचा माणूस चोर नाही, माझे डोळे चोर आहेत? तो तोवर सामान बांधून बसला असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा चेनारदानच्या अंगणात होत्या. गालिचा गुंडाळून भिंतीशी ठेवला होता. किल्ल्या शाहबाजकडे गेल्या होत्या. लोक जमायला वेळ लागला. खोदादाद आलाच नाही, तेव्हा परीजानने सांगितलं, तो येईस्तोवर तोंड उघडणार नाही. अखेर त्याच्या बायकोने त्याला आणलं.

परीजान उभ्यानेच बोलली. "काल मी जो निकाल दिला, तो डोळ्यांनी दिला. माझे डोळे गेलेत. रंग मला दिसत नाहीत, ही पोर सांगते ते मी म्हणते. हे मी तुम्हाला काल सांगायला हवं होतं. आज मी काही बघणार नाही. तुम्ही बघा."

मागे एक बाई म्हणाली, "या खुदा." शाहबाजने टोपी मागे सरकवली. "मग आम्ही तुमचं ऐकायचं तरी कशाला?"

"नकोच ऐकू. वाक. कंबर दुखत नसेल तर."

शाहबाज वाकला. परीजानने त्याला गुलाबी फुलाशी लव फाकायला लावली.

"वर काय?"

"गुलाबी."

"बुडाशी?"

त्याने आणखी फाकून पाहिलं. "पांढरं आहे. स्वच्छ."

"उलटून बघ. मागच्या बाजूला तेच फूल शोध."

चार जणांनी कोपरा उचलला. मागे फूल पांढरंच होतं. लालाची कड सुरीने कापल्यासारखी साफ होती.

"लाल आतून धावला असता, तर बुडालाही धावला असता आणि मागेही. आणि सगळ्या फुलांशी धावला असता. बाकीची फुलं बघ."

बायाच पुढे झाल्या. एकीने सगळ्या फुलांवरून बोट फिरवत मोठ्याने मोजल्यासारखं म्हटलं, पांढरं, पांढरं, पांढरं. गुलाबी फक्त एका ठिकाणी होता, आणि तो फुलावरून निळ्यावर, निळ्यावरून पिवळ्या पक्ष्यावर तिरका गेला होता. नक्षीला न जुमानता. कशाचा तरी ओघळ पडावा तसा.

"हा वरून पडलेला आहे," परीजान म्हणाली. "कशाचा ते मला विचारू नका. मी इथली नाही." मग ती बसली. तपकिरी रेघेत नख घातलं. "कात्रीने छाटलेलं असतं तर नखाला सपाट लागलं असतं. हे उंदराने कुरतडल्यासारखं आहे, कुठे वर, कुठे पार गाठीपर्यंत. गंजाने खाल्लंय. याला आयुष्य जातं. याची नक्कल करायला कोणाला सवड नसते. काल हे मी नीट चाचपलं असतं, पण मला लवकर उठायचं होतं."

सगळे खोदादादकडे बघत होते. तो कबरीच्या जाळीकडे बघत होता. जाळीला नवसाची फडकी बांधलेली होती, हिरवी आणि लाल, बाजारात मिळतात तसली.

"गच्ची गळली," तो म्हणाला.

"काय?"

"बर्फ पडलं त्या आठवड्यात मी लेकीकडे गेलो होतो. गच्चीवरचं बर्फ झाडायचं काम माझं. झाडलं नाही. वितळलं आणि गळलं. लाल फडक्यावरून थेंब खाली गालिच्यावर. परत आलो तर ओला. मला वाटलं, कोणी बघायच्या आत धुऊन आणतो. डाग तेवढा गेला नाही." त्याने हात पसरले. "म्हटलं, सांगितलं तर लोक म्हणतील, राखणदार बर्फही झाडत नाही."

शाहबाजने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा," तो म्हणाला, "बर्फ झाडलं नाही हे लपवायला तू चोर व्हायला तयार झालास?"

"चोर म्हणशील असं वाटलं नव्हतं."

"आणि तो उजळपणा?"

"तुझ्या आजोबांच्या पायांची धूळ होती ती," परीजान म्हणाली. "धुलाईवाल्याने फुकट घेतली."

आधी बायका हसल्या, मग सगळेच. शाहबाजने खिशातून किल्ल्या काढल्या. त्या देताना त्याने खोदादादचं मनगट दाबलं.

चहा आला. खोदादादच्या बायकोने खडीसाखरेची वाटी परीजानच्या हाताला लावली. चहा पिता पिता परीजानची बोटं गालिच्याच्या एका कोपऱ्याशी गेली. कोपरा झिजला होता, ताणा उघडा पडला होता, तळहाताएवढा.

"हा मी बसवून देते," ती म्हणाली. "इथे येऊन. गालिचा आता गावाबाहेर जायला नको."

"डोळे, नने," तहमिने हळूच म्हणाली.

"गाठीला डोळे लागत नाहीत. रंग तू निवडून दे."

कियूमर्सला तिने स्वतःच सांगितलं. त्याने हातातली चिठ्ठी गल्ल्यावर ठेवली. मग म्हणाला, रफूचं काम चालू ठेव, ओळखायचं आपण बघू. माळ्यावर माल येणं थांबलं. परीजान आता तहमिनेला रंग शिकवायला लागली, आठवणीतून. मंजिष्ठ एकट्याने विटेसारखा, ताकात भिजवला तर गुलाबाकडे जातो. डाळिंबाची साल. अक्रोडाची साल. डोंगरातल्या जाशीर झुडपाचा पिवळा, त्याच्यावर निळीचं एक स्नान दिलं की हिरवा. "तू बघ आणि मला सांग," ती म्हणायची, "पण पहाट-बिहाट नको."

चेनारदानला दोघी शुक्रवारी जायच्या. तहमिने लोकरीच्या गुंडाळ्या ओळीने लावून, प्रत्येकीला वेगवेगळ्या गाठी मारलेली सुतळी बांधून द्यायची. एक गाठ लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा. दोघींना ही युक्ती फार आवडली होती. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. नवरोजनंतरची.

नवरोजच्या आधीच्या शुक्रवारी तहमिनेच्या मावसबहिणीचं लग्न होतं. परीजान चेनारदानला एकटीच जाऊन आली. रविवारी कियूमर्सने दुकान उघडण्याआधी फोन केला. तो आधी हवेबद्दल बोलला. मग म्हणाला, झोपेतच. शेजारणीला सकाळी कळलं.

दफनाला खोदादाद आणि शाहबाज एकाच गाडीतून आले. तहमिने लोकांना चहा देत होती. कोणीतरी तिच्या हातातून तबक काढून घेतलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की पेले रिकामेच होते.

चाळीसाव्या दिवसाच्या विधीनंतर ती चेनारदानला गेली. खोदादादने दार उघडलं आणि बाहेरच थांबला. कबरीपुढे गालिचा होता. कोपऱ्यावर दुपट्टा झाकलेला होता. तिने तो बाजूला केला.

तीन चतुर्थांश काम झालेलं होतं. फारसी गाठी, एकसारख्या, दाबून ठोकलेल्या. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे बोटाला कळत नव्हतं. लाल बरोबर होता. पांढरा बरोबर होता. शेवटच्या ओळीत खेकड्याची नांगी वळत होती, तिथे निळा हवा होता. तिथे चार गाठी काळ्या होत्या.

सुतळ्या बांधलेल्या गुंडाळ्या तिथेच होत्या. दोन आणि चार गाठींच्या सुतळ्या कधीतरी सुटून निघाल्या होत्या. कोणीतरी, कदाचित परीजाननेच, त्या पुन्हा बांधल्या होत्या, दोन गाठींची काळ्याला आणि चार गाठींची निळ्याला.

"त्या दिवशी तिने मला काही विचारलं नाही," खोदादाद दारातून म्हणाला. "मी तिथेच होतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तहमिनेने निळ्या लोकरीचा धागा काढला. मग तो परत गुंडाळीत खोचला.

पाचवी गाठ अर्धी होती. एका दोऱ्याला मिठी मारून झाली होती. दुसऱ्याच्या पाठीमागून जायची राहिली होती. सुई तिथेच उभी होती, ताण्यात खोचलेली, काळ्या लोकरीसकट.